तपासनीस नंबर तीन

बाई फोन हातात घेतल्यावर आधी हुंगायच्या. मी त्या दुकानात लागलो तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांना सर्दी झाली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, तेव्हा त्यांनी हातातला फोन माझ्या नाकापुढे धरला.

"कसला वास येतोय, भाऊ?"

मला कसलाच वास आला नाही.

"ताज्या गोंदाचा. म्हणजे हा गेल्या आठ-दहा दिवसांत कुणीतरी उघडलाय. विकणारा म्हणतोय, कधी उघडलाच नाही. माणूस खोटं बोलेल, गोंद कशाला बोलेल?"

दुकान जुन्या फोनांचं. लोक नवा फोन घेताना जुना देऊन टाकतात, तसे फोन मालक लॉटमध्ये विकत घेत. मागच्या खोलीत ते दुरुस्त होत, वरच्या मजल्यावर तपासले जात आणि खालच्या काउंटरवर व इंटरनेटवर पुन्हा विकले जात. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी बाईंचं टेबल, आणि जिन्यापाशी माझं. परत आलेला माल आणि वॉरंटीचे दावे हे माझं खातं. कॉमर्सचा पदवीधर असल्याने मला रजिस्टर नीट ठेवण्यापलीकडे फारसं काही येत नाही. त्यामुळे बाईंबद्दल लिहितानाही मी ज्याची नोंद माझ्याकडे आहे किंवा जे माझ्यासमोर घडलं तेवढंच लिहिणार आहे.

बाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. याआधी त्यांनी बावीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर काढली होती. शर्ट उजेडात धरायचा, सुटलेला टाका, डाग, वाकडी शिवण शोधायची, आणि जिथे दोष असेल तिथे लाल कागदी बाण चिकटवायचा. कारखाना बंद पडला तेव्हा येताना त्या बाणांची दोन बंडलं घेऊन आल्या. आमच्याकडे तेव्हा दोन तपासनीस होते, त्यांना नंबर एक आणि नंबर दोन म्हणत. बाई तिसऱ्या. वर्षभरात एक नंबर लग्न होऊन गेली, दोन नंबरने स्वतःची टपरी टाकली. बाई मात्र तीनच राहिल्या. मालक म्हणाले, आता तुम्ही एक नंबर व्हा. बाई म्हणाल्या, "फोनच्या डब्यांत जाणाऱ्या कार्डांवर तीन लिहून गेलंय. आता बदललं तर लोकांना वाटेल तीन पळून गेली."

त्यांची तपासणी बघण्यासारखी असे. आधी फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो नंबर, चोरीच्या फोनांच्या यादीत शोधून तो चोरीचा नाही ना हे बघायचं. मग आधीच्या मालकाचं खातं आणि सगळा मजकूर पुसला गेलाय याची खात्री. सिमकार्डाचा ट्रे बाहेर काढून टॉर्चने आत उजेड टाकायचा; तिथे एक इवलीशी पट्टी असते, ती लाल झाली असेल तर फोनच्या आत पाणी गेलेलं. स्क्रीन पूर्ण पांढरी करायची, मग काळी, मग करडी. मेलेला ठिपका किंवा पिवळा डाग असेल तर दिसतो. एक चिन्ह बोटाने धरून स्क्रीनभर शेतात नांगर फिरवावा तसं फिरवायचं. ते मध्येच निसटलं तर तिथला टच गेलेला. स्पीकर, माइक, दोन्हीकडचे कॅमेरे, बटणं, चार्जिंगचं भोक. कानाला लावल्यावर स्क्रीन विझते की नाही. बॅटरीची क्षमता किती टक्के उरली. शेवटी फोन तिरपा करून खिडकीच्या उजेडात फिरवायचा आणि ओरखड्यांवर बाण चिकटवायचे. बाणांसकट फोटो काढायचा, मग बाण काढून टाकायचे. इंटरनेटवर आमच्या फोनचे फोटो तेवढे बाणवाले असत. समोरचा दुकानदार आमच्या मालकांना म्हणे, "तुमचा फोन फोटोत बघितला की वाटतं, त्याला कांजिण्या झाल्यात."

फोनच्या डब्यात बाईंनी स्वतः लिहिलेलं कार्ड जाई. त्यातलं एक मी जपून ठेवलं आहे. त्यावर असं आहे: "ग्रेड सी. डाव्या कोपऱ्याला पोचा, मागच्या काचेवर दोन ओरखडे, हातभर अंतरावरून दिसतात. स्क्रीन बदललेली, कंपनीची नाही. उन्हात थोडी फिकी दिसेल. बॅटरी नवी, कंपनीची नाही. फोन उघडलेला असल्याने पाण्यापासून जपा, मूळ फोन पाणी सहन करत असला तरी हा करेलच असं नाही. बाकी सर्व नीट चालते. किमतीत फोन, नवी केबल आणि कर. चार्जर आणि इअरफोन नाहीत. वॉरंटी आमच्या दुकानाची, कंपनीची नाही: फोनला सहा महिने, बॅटरीला तीन. पडणे, फुटणे, पाणी यात नाही. हा फोन मी स्वतः हाताळून पाहिला आहे. तपासनीस ३."

ग्राहकांना ग्रेडचं काही कळत नसे. सी म्हणजे नापासाच्या जवळचा, असं त्यांना वाटे. बाईंना खाली बोलावलं की त्या समजावत.

"ग्रेड दिसण्याची असते, चालण्याची नाही. चालत नसेल तो फोन आम्ही विकतच नाही. ए म्हणजे हातभर अंतरावरून ओरखडा दिसत नाही. बी म्हणजे बघितला तर दिसतो. सी म्हणजे न बघता दिसतो."

"मग सी कुणी घ्यावा?"

"ज्याला फोन बोलायला हवाय त्याने. दाखवायला हवाय त्याने ए घ्यावा. कव्हर घालणार असाल तर बी घ्या, वरचे पैसे कशाला घालवता?"

हे ऐकून काउंटरवरचा विक्रेता कपाळावर हात मारून घेई. पण माझं रजिस्टर, माझ्या आधीच्या नोंदींसकट, वेगळं सांगत होतं. बाई येण्याआधी दर दहा-बारा फोनांत एक परत येई. बाईंच्या दुसऱ्या वर्षी चाळीसात एक, तोही बहुतेक वेळा रंग आवडला नाही म्हणून. लोक काउंटरवर येऊन विचारू लागले, "तीन नंबरवाल्या बाईंनी बघितलेला आहे का?" कुणी आपल्या भावाला पाठवी, कुणी शेजारणीला. बाईंना याचा फार आनंद होई असं मी कधी पाहिलं नाही. पण एकदा मला म्हणाल्या, "कारखान्यात बावीस वर्षांत एकाही शर्टावर माझं नाव नव्हतं. इथे निदान नंबर आहे."

त्यांचा नवरा पाठीच्या दुखण्याने घरी असे. एकदा दुकानात आला होता. मी म्हटलं, बाईंची नजर तेज आहे. तो म्हणाला, "तुम्हाला कौतुक वाटतंय. घरी मला पण खिडकीत उभं करून बघते. सी ग्रेड म्हणते, पण परत करायची मुदत संपली म्हणते."

बाई म्हणाल्या, "वॉरंटी तुमच्या आईने दिली होती. ती विचारायला आता जायचं कुठे?"

मालकांच्या मुलीचं लग्न झालं आणि वर्षभराने जावई धंद्यात आले. सगळे त्यांना जावईबापू म्हणत, तेही त्यावर रुसत नसत. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, सगळ्यांशी अदबीने वागणारा, बाईंना मावशी म्हणणारा. पण विक्रीचे तक्ते त्यांच्या डोळ्यांसमोर सतत असत. पहिल्या महिन्यातच ते वर आले आणि बाईंच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसले.

"मावशी, एक विचारू? आपण फोन विकतो की ओरखडे विकतो?"

"दोन्ही. एका डब्यात दोन्ही जातात."

"समोरचा हाच फोन 'नव्यासारखा' म्हणून विकतो. त्याच किमतीत. गिऱ्हाईक बाण बघतं आणि तिकडे पळतं."

"आणि तिकडून आठ दिवसांत परत येतं."

"परत येतं ते त्याच्याकडे, मावशी. आपल्याकडे येतच नाही."

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. पण न आलेल्या ग्राहकाची नोंद माझ्या रजिस्टरमध्ये कुठून असणार?

फोटोतले बाण गेले. ए, बी, सी जाऊन 'उत्तम', 'अतिउत्तम' आणि 'नव्यासारखा' आले. म्हणजे ज्या फोनला पोचा होता, तोही आता उत्तम. वॉरंटीचं वाक्य इंटरनेटवर "सहा महिने वॉरंटी" एवढंच उरलं. कुणाची, कशाची, काय सोडून, ते खाली बारीक अक्षरांत. 'डब्यात काय काय' या जागी चार्जरचं चित्र आलं, कारण चित्र मूळ कंपनीच्या जाहिरातीतलं होतं. बाईंनी ते दाखवलं तेव्हा जावईबापू म्हणाले, "ते प्रातिनिधिक आहे, मावशी." बाई मला नंतर म्हणाल्या, "प्रातिनिधिक चार्जरने प्रातिनिधिक फोन चार्ज होत असेल."

पण कार्ड राहिलं. ते आपण सोडणार नाही असं बाईंनी मालकांना सांगितलं आणि मालकांनी मान डोलावली. लोकांनी फोटोत काही का बघितलं असेना, डबा उघडल्यावर त्यांच्या हातात खरं पडायचं. ज्यांना नको असेल ते सात दिवसांत परत करायचे. बाई या तडजोडीवर दोन वर्षं जगल्या.

मग तो मोठा लॉट आला. जावईबापूंनी एका घाऊक व्यापाऱ्याकडून चारशे फोन घेतले. हे आमच्या मागच्या खोलीत दुरुस्त झालेले नव्हते. बाहेरच दुरुस्त होऊन, प्लास्टिकमध्ये बंद होऊन आले होते आणि प्रत्येकावर व्यापाऱ्याचा कागद: ग्रेड ए, मूळ स्क्रीन, बॅटरी नव्वद टक्क्यांच्या वर. चार दिवसांत इंटरनेटवर विक्री सुरू व्हायची होती. एका फोनला बाईंना वीस-पंचवीस मिनिटं लागत. चारशे म्हणजे तीन-चार आठवडे.

जावईबापू म्हणाले, "मावशी, कारखान्यात तुम्ही एकेक शर्ट बघायचात का?"

"नाही. गठ्ठ्यातले ठरावीक काढायचे. ते पास तर गठ्ठा पास."

"मग इथेही तेच करू या. तुमचीच पद्धत."

मी तिथे होतो. त्या वेळी नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं आणि त्यांना पाच दिवसांची रजा हवी होती, हे मला माहीत होतं, जावईबापूंनाही माहीत होतं. रजेचा विषय कुणीच काढला नाही. बाईंनी वीस फोन काढले. वरच्या खोक्यांतून काढले, कारण खालची खोकी हलवायला माणूस नव्हता. वीसच्या वीस चांगले निघाले. एकाच्या मागे केसाएवढा ओरखडा, बाकी निर्मळ.

"पास," बाई म्हणाल्या.

व्यापाऱ्याच्या कागदावरचा मजकूर घेऊन चारशे कार्डं छापून आली. छापील, कारण हाताने लिहायला वेळ कुठे होता. शेवटची ओळ तीच: "हा फोन मी स्वतः हाताळून पाहिला आहे. तपासनीस ३." बाईंनी ती वाचली. मला वाटलं, काही बोलतील. त्या म्हणाल्या, "यात 'स्वतः' नको होतं." पण कार्डं छापून झाली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून बाई रजेवर होत्या.

परत आल्यावर पहिल्याच दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. आपण चूक केली, असं सांगायला. त्यांना ती दवाखान्यात बसल्या बसल्या कळली होती. "भाऊ, शर्टाचं थान एका मागावरून येतं. एक शर्ट बघितला की थानाचा अंदाज येतो. जुना फोन प्रत्येक वेगळ्या खिशातून येतो. एक पाण्यात पडलेला, एक पोराने आपटलेला, एक नीट वापरलेला. वीस बघून चारशे कसे कळणार? आणि व्यापाऱ्याला काय माहीत नाही वर कोणते ठेवायचे ते?"

उरलेले फोन खाली होते. तीनशेच्या आसपास विकले गेले होते. जे राहिले ते तरी बघू द्या, असं त्यांनी जावईबापूंना सांगितलं. जावईबापू हसले. "मावशी, अजून एकही तक्रार नाही."

तक्रार पाचव्या आठवड्यात आली. एक टेम्पोवाला. सामान वाहण्याची कामं त्याला एका ॲपवर मिळत; फोनवर काम येई, तो स्वीकारे आणि निघे. तीन वर्षांपूर्वी त्याने बायकोसाठी आमच्याकडून सी ग्रेडचा फोन घेतला होता, तो अजून चालत होता. म्हणून स्वतःसाठीही इथेच आला होता. विक्रेत्याला त्याने आधी हेच विचारलं होतं, तीन नंबर का? विक्रेत्याने कार्ड दाखवलं होतं.

त्याचा फोन माझ्या टेबलावर आला. स्क्रीन एका कडेने किंचित उचलली होती. टच आपोआप चालत होता. बोट न लावता पानं उघडत होती, बंद होत होती. तो म्हणाला, "मी गाडी चालवत असतो, हा इकडे आपला आपण काम नाकारतो. आठवड्यात अकरा कामं यानेच रद्द केली. वरून मला ॲपवाल्यांनी बंद केलं. त्यांना सांगितलं, मी नाही केलं, फोनने केलं. ते म्हणतात, फोन कुणाचा?"

मी सेटिंग उघडून बघितलं. बाईंनी शिकवलं होतं. सुट्या भागांच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं की ही स्क्रीन कंपनीची नाही. कार्डावर होतं, 'मूळ स्क्रीन'. मी दावा मंजूर करायला घेतला. नियमाने सहा महिने होते. पण जावईबापूंनी फोन हातात घेऊन उचललेली कड दाखवली. "काही तरी खुपसलंय. बाहेरचं नुकसान. यात बसत नाही."

टेम्पोवाला आवाज न चढवता म्हणाला, "बाईंना बोलवा. त्या सांगतील."

बाई आल्या. फोन हातात घेतला, हुंगला नाही. सरळ उजेडात कड बघितली.

"खुपसलेलं नाही. गोंद कमी लावलाय. बॅटरीही फुगायला लागली असेल, म्हणून स्क्रीन वर आलीय."

"तुम्ही बघितला होता ना, बाई?" तो म्हणाला. "त्या वेळी काय होतं ते सांगा यांना."

जिन्याखाली काउंटरवर आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती, वरचं बोलणं तिथे ऐकू जाई. जावईबापू बाईंकडे बघत होते, मी रजिस्टरकडे.

"मी हा फोन बघितला नाही," बाई म्हणाल्या. "चारशेतले वीस बघितले. यावर माझा नंबर आहे, पण मी बघितला नाही."

त्याने कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "समोरच्याकडे गेलो असतो तर निदान माहीत असतं, खोटं लिहितात म्हणून."

तो फोन आम्ही बदलून दिला, कारण काउंटरवरच्या दोघांनी ते ऐकलं होतं. पण त्याचं कामाचं खातं बंदच राहिलं असावं. मी महिन्याभराने फोन केला, तेव्हा कुणा बाईमाणसाने उचलला आणि ते आता दुसरीकडे हमाली करतात, असं सांगितलं. एवढीच नोंद माझ्याकडे आहे.

त्या दिवशी जावईबापूंनी बाईंना काही म्हटलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, "मावशी, गिऱ्हाइकासमोर नको होतं. मला बाजूला घेऊन सांगितलं असतंत तर?"

"बाजूला घेऊन महिन्यापूर्वीच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "आता एकच करा. माझा नंबर काढा. जे मी बघेन त्यावरच तीन लिहा. बाकीच्यांवर काय हवं ते लिहा, नव्यासारखा लिहा, देवासारखा लिहा. तीन लिहू नका."

"मावशी, तीन नंबर लोकांना माहीत झालाय."

"म्हणूनच म्हणते."

"पण तो दुकानाचा नंबर आहे ना. उद्या तुम्ही निवृत्त झालात तर दुकान तीन नंबर बंद करणार का?"

मालकांकडेही त्या गेल्या. मालक म्हणाले, तुमचं बरोबर आहे, जावयांशी बोलतो. बोलले असतीलही. पुढचा लॉट सहाशेचा आला. त्यातला एकही बाईंपर्यंत पोचला नाही. कार्डं थेट छापखान्यातून खाली येऊन डब्यांत गेली, शेवटची ओळ तीच. बाईंच्या टेबलावर दिवसाला आठ-दहा फोन येत, सुट्या गिऱ्हाइकांनी आणून विकलेले. ते त्या पूर्वीसारखेच तपासत. त्यांची हाताने लिहिलेली कार्डं आणि ती छापील कार्डं एकाच काउंटरवरून जात. ज्याला फरक माहीत नव्हता त्याला छापील जास्त विश्वासाची वाटत.

टेम्पोवाल्याच्या प्रकारानंतर चौथ्या महिन्यात बाईंनी काम सोडलं. राजीनाम्यात कारण लिहिलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कारण लिहिलं तर ते फाइलला लागेल, आणि फाइल कोण वाचतं?" फाइल मीच वाचतो, हे मी बोललो नाही.

पुढची गोष्ट त्यांच्या घरची. सोडून तीनेक महिने झाले असतील, त्यांनी मला बोलावून घेतलं. दोन खोल्या, स्वच्छ. नवरा खाटेवर पट्टा बांधून बसलेला. खिडकीशी मशीन मांडलेलं, बाई शेजारपाजारच्यांच्या कपड्यांचं काज-बटण करत होत्या.

"पलीकडच्या रस्त्याला फोनचं मोठं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "तपासायला माणूस हवा होता. गेले. त्यांनी चाचणी म्हणून चार फोन दिले, चारही बरोबर ओळखले. माणूस खूश. विचारलं, आधी कुठे होतात? सांगितलं. तो आत गेला आणि एक फोन घेऊन आला, आपल्याकडचा, कुणीतरी तिथे बदलायला दिलेला. त्यात कार्ड होतं. मूळ स्क्रीन, तपासनीस तीन. म्हणाला, तीन तुम्हीच ना?"

"तुम्ही सांगायचं ना, तो तुम्ही बघितला नाही म्हणून."

"सांगितलं. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात."

नवरा म्हणाला, "मी म्हटलं, नंबर बदलून चार सांग." कुणी हसलं नाही. तोही नाही.

बाईंना माझ्याकडून एक पत्र हवं होतं. दुकानाच्या कागदावर, शिक्क्यासकट: अमुक तारखेपासून तपासनीस तीन या नंबराने विकले गेलेले छापील कार्डाचे फोन या बाईंनी तपासलेले नाहीत. तारीख माझ्या रजिस्टरमध्ये होती, लॉटची नोंद होती, त्यांची रजा होती. असं पत्र करायला मला अर्धा तास पुरला असता.

मी मसुदा केला आणि त्यांना दाखवायला नेला. दोन वेळा वाचून त्यांनी पेन मागितलं.

"यात पहिला लॉट नाही."

"तो मुद्दाम सोडलाय, बाई. त्याने तुमचंच नुकसान होईल."

"तो पास मीच म्हटला होता. लिहा, पहिल्या लॉटमधले वीस तपासले, तीनशे ऐंशी न बघता पास केले. त्यानंतरचे एकही बघितले नाहीत. नाहीतर हे पत्रही त्यांच्या कार्डासारखंच झालं."

मी तसं लिहिलं. वाचताना कळलं की आता हे पत्र दाखवूनही त्यांना काम मिळणं कठीण आहे, आणि दुकानाने त्यावर सही करणं तर अशक्यच. त्यांनाही ते कळलं असावं. तरी त्या म्हणाल्या, "असंच हवं."

मालकांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "भाऊ, हे उद्या कुणी ग्राहक मंचात नेलं तर? हजार फोन आहेत." जावईबापूंनी वाचलंसुद्धा नाही. "मावशींना माझा नमस्कार सांगा," म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असं मला वाटलं.

माझ्या ड्रॉवरमध्ये वॉरंटी विभागाचा शिक्का असतो. दाव्यांवर मी रोज सही करतो आणि ती सही बाहेर चालते. पत्रावर ती करायला मालकांची परवानगी लागत नव्हती. माझ्या निवृत्तीला तेव्हा अकरा महिने होते.

बाईंना मी जाऊन सांगितलं, मालक नाही म्हणाले.

"आणि तुमची सही?"

"माझ्या सहीला काय किंमत आहे, बाई?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. हातातल्या सदऱ्याचं बटण लावून झालं, दोरा दाताने तोडला, दुसरा सदरा घेतला. मी थोडा वेळ बसलो. नवऱ्याने हवापाण्याचं विचारलं. मग निघालो. त्यानंतर मी तिकडे गेलेलो नाही.

गेल्या आठवड्यात एक मुलगी फोन घेऊन माझ्या टेबलाशी आली. दहा दिवसांत बॅटरी अर्ध्या दिवसावर आलेली. तिने कार्ड पुढे ठेवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तीन नंबर कोण आहेत? त्यांनी स्वतः बघितलाय असं लिहिलंय. मला त्यांच्याशीच बोलायचंय."

मी म्हटलं, "त्या आज रजेवर आहेत," आणि दाव्याचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला.